खचलेल्या मित्राची सोबत: उपाय न लादता, स्वतः न थकता

नैराश्याने ग्रासलेल्या मित्राच्या बाबतीत माणसे बहुधा दोन टोकांना जातात. काही जण त्याला बरे करण्याची जबाबदारी अंगावर घेतात. रोज फोन, रोज सल्ला, रोज नवा उपाय. दोन-तीन महिन्यांत तेच थकतात आणि मग अचानक दूर होतात. काही जण आपल्याला काय कळते, असे म्हणून पहिल्या दिवसापासून अंतर राखतात. या दोहोंच्या मधली वाट कशी असते, याचे उत्तर दूर कुठे शोधण्याची गरज नाही. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झालेली आहे.

गोव्यातील प्रयोग

‘संगाथ’ ही 1996 पासून गोव्यात काम करणारी संस्था. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संस्थेच्या माध्यमातून नैराश्यावर एक छोटी समुपदेशन पद्धत तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे की ती देणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. ती स्थानिक, सामान्य शिक्षण झालेली आणि या कामापुरते प्रशिक्षण घेतलेली माणसे होती. दहा आरोग्य केंद्रांमधील मध्यम ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला त्यासोबत हे समुपदेशन. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 39 टक्के आणि दुसऱ्यात 64 टक्के होते. हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षभराने पुन्हा पाहणी केली, तेव्हाही हा लाभ टिकलेला आढळला.

मित्राच्या दृष्टीने या प्रयोगातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे समुपदेशक नेमके काय करत होते. रुग्णाच्या समस्या सोडवून देणे हे त्यांचे काम नव्हते. रुग्णाने दिवसभरात सोडून दिलेल्या लहानसहान कृती पुन्हा सुरू करण्यास साहाय्य करणे, हा त्या पद्धतीचा गाभा होता. दुसरी म्हणजे समुपदेशकांना घालून दिलेल्या मर्यादा. भेटी सहा ते आठ, बहुधा आठवड्यातून एक, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. शिवाय समुपदेशक नियमितपणे आपल्या सहकाऱ्यांच्या गटात बसून झालेल्या भेटींचा आढावा घेत. प्रशिक्षित माणसालाही एकट्याने आणि अमर्याद वेळ हे काम करू दिलेले नव्हते. मग मित्राने ते तसे करावे, अशी अपेक्षा कशी धरायची?

आणखी एक गोष्ट त्या आकड्यांतूनच दिसते. सर्व काही नीट करूनही शंभरातील छत्तीस जण तीन महिन्यांत नैराश्यातून पूर्ण बाहेर आले नव्हते. मित्र अजून बरा झालेला नाही, एवढ्यावरून सोबत करणाऱ्याचे कुठे तरी चुकले, असे ठरत नाही.

सल्ला का लागू पडत नाही

नैराश्यात माणूस एका चक्रात सापडतो. मन खचले की तो भेटीगाठी टाळतो, कामे पुढे ढकलतो, आवडीच्या गोष्टी सोडतो. त्यामुळे दिवसात समाधान देणारे, ‘हे आपल्याला जमले’ असे वाटायला लावणारे क्षण उरत नाहीत. ते नसल्याने मन आणखी खचते आणि माणूस आणखी मागे सरतो. बाहेरच्याला यातले मागे सरणे तेवढे दिसते आणि तो त्याला आळस समजतो.

अशा अवस्थेत ‘मन खंबीर कर’, ‘पहाटे उठून योग कर’, ‘देवाचे नाव घे’, ‘नोकरी बदल’ हे सल्ले ऐकणाऱ्याला चुकीचे वाटत नाहीत. उलट ते बरोबरच वाटतात आणि तरी जमत नाहीत. म्हणजे प्रत्येक सल्ला त्याच्या खात्यावर आणखी एक अपयश म्हणून जमा होतो. पुढच्या वेळी तो मित्राचा फोन उचलत नाही, कारण ‘केलेस का?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते.

समुपदेशक या चक्राला कृतीच्या बाजूने हात घालत. बरे वाटेल तेव्हा काम करू, असे म्हणत थांबण्याऐवजी आधी एक अगदी लहान काम करायचे. बरे वाटणे मागाहून, हळूहळू येते. काम किती मोठे, यापेक्षा ते ठरल्या वेळी झाले का, याला महत्त्व. मित्राला यातून घेण्यासारखे एवढेच आहे. संपूर्ण उपचार त्याने करायचा नाही.

ओळखायचे कसे

आपल्याकडे सहसा कोणी ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. टेन्शन आहे, झोप लागत नाही, अंग दुखते, थकवा जात नाही, असे म्हणतात. आरोग्य केंद्रात नैराश्य तपासण्यासाठी नऊ प्रश्नांची एक सर्वमान्य प्रश्नावली वापरतात. मागील दोन आठवड्यांत कशातही रस न वाटणे, उदास वाटणे, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणे, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थता, आणि मरणाचे विचार यांविषयी ती विचारते. मित्राने ती भरून घेण्याची गरज नाही. पण कशाकडे लक्ष ठेवायचे, हे तिच्यावरून कळते.

दुःख आणि नैराश्य यांतला फरक दोन गोष्टींवरून लक्षात येतो. एक, दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज तीच अवस्था असणे. दोन, नेहमीचे व्यवहार अडणे. चवथीला घरोघरी आरत्यांना जाणारा माणूस यंदा स्वतःच्या घरच्या आरतीलाही खोलीबाहेर येत नसेल, दाढी-आंघोळ टाळत असेल, फोन वाजत असताना नुसता पाहत बसत असेल, तर त्याकडे स्वभाव म्हणून पाहणे योग्य नाही. दारूचे प्रमाण वाढले असेल तर तेही लक्षात घ्यावे. तिने झोप आल्यासारखी वाटते, पण झोप आणि मन दोन्ही बिघडतात.

एक उदाहरण: सहा आठवडे

हे सारे व्यवहारात कसे उतरते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. डिचोली तालुक्यातील 45 वर्षांचा एक गृहस्थ. खनिज वाहतुकीसाठी त्याने ट्रक घेतले होते. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या. ट्रक गेले, कर्जाचा काही भाग उरला. त्याचा शाळेपासूनचा मित्र पेडण्याचा, मोपा विमानतळावर पाळीत काम करणारा. गेले महिनाभर हा गृहस्थ घराबाहेर पडलेला नाही, असे मित्राला कळते.

पहिल्या आठवड्यात मित्र भेटायला जातो आणि अर्धा तास बसतो. निदान करण्याऐवजी तो जे पाहिले तेच बोलतो: ‘महिनाभर तू कोणाला भेटला नाहीस, वजनही उतरलेले दिसते. कसे चालले आहे, ते सांगशील?’ उत्तर यायला वेळ लागतो. ती शांतता तो भरून काढत नाही. गृहस्थ म्हणतो, ‘माझा कोणाला काही उपयोग नाही.’ यावर ‘असे काय बोलतोस’ म्हणणे सोपे असते, पण त्याने बोलणे तिथेच संपते. मित्र म्हणतो, ‘असे कधीपासून वाटते?’ मग तो सरळ विचारतो: ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हा प्रश्न विचारल्याने ती कल्पना मनात रुजते, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने माणसाला बहुधा सुटल्यासारखे वाटते. उत्तर येते की जगून काय करायचे असे वाटते, पण तसे काही ठरवलेले नाही. निघताना मित्र एकच विचारतो: ‘आरोग्य केंद्रात दाखवायला माझ्याबरोबर येशील का?’

दुसऱ्या आठवड्यात सुटीच्या दिवशी दोघे डिचोलीच्या आरोग्य केंद्रात जातात. सोबत जाणे हा मित्राच्या मदतीतील सर्वांत उपयुक्त भाग. नंबर लावणे, थांबणे, झोप किती दिवस नाही ते आठवून देणे, एवढेच त्याचे काम. डॉक्टरांशी बोलणे रुग्णाने करायचे. डॉक्टर थायरॉईड, रक्तक्षय यांसारखी शारीरिक कारणे तपासतात, गोळ्या सुरू करतात आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतात. नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात; मळमळीसारखा त्रास मात्र पहिल्या दिवसांतच होऊ शकतो. हे आधी माहीत असले की पुढचा घोळ टळतो.

त्याच आठवड्यात कृतीची सुरुवात होते. मित्राच्या मनात नव्या सोमवारच्या उत्सवाला घेऊन जावे, असे येते. पण महिनाभर खोलीत असलेल्या माणसाला ती गर्दी डोंगराएवढी. तो विचारतो, ‘पूर्वी दिवसभरात तुला बरे वाटायचे असे काय होते?’ उत्तर: कुळागरात फेरी मारणे. ठरते ते असे: आठवड्यातून चार सकाळी सात वाजता दहा मिनिटे कुळागरात जायचे. काम करायचे नाही, नुसते जाऊन यायचे. कृती गृहस्थाने निवडलेली आहे, वेळ ठरलेली आहे आणि ती इतकी लहान आहे की वाईट दिवशीही जमण्याची शक्यता आहे.

तिसऱ्या आठवड्यात कळते की चारपैकी एकच दिवस जमले. इथे सोबत बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त. ‘दहा मिनिटेही जमत नाहीत?’ हे शब्द ओठांवर येतात. त्याऐवजी मित्र विचारतो, ‘कुठे अडले?’ नैराश्यात अनेकांना सकाळ सर्वांत जड जाते. याचेही तसेच आहे. वेळ संध्याकाळी पाचची होते. चूक माणसाची नसून आखणीची होती, असे मानून आखणी बदलायची; समुपदेशकही हेच करत.

चौथ्या आठवड्यात गृहस्थ सांगतो की गोळ्यांनी काही फरक नाही, म्हणून थांबवल्या. मित्र वाद घालत नाही, औषधावर मतही देत नाही. ‘हेच डॉक्टरांना सांगू, फोन आत्ता लावूया का?’ एवढेच विचारतो. अशा गोळ्या एकदम बंद केल्याने त्रास होऊ शकतो. बदल डॉक्टरांनीच करायचा असतो.

पाचव्या आठवड्यात बँकेचे पत्र येते. मित्राला वाटते की आपण थोडे पैसे घालून हे मिटवावे. इथे मदत आणि ओझे उचलणे यांतील रेषा स्पष्ट होते. कर्ज फेडले तरी नैराश्य जाईलच असे नाही. मैत्रीत मात्र देणे-घेणे शिरते, आणि गृहस्थाची ‘माझा उपयोग नाही’ ही भावना बळावते. मित्र रविवारी दोन तास बसून त्याच्यासोबत कागदपत्रे तारखेप्रमाणे लावतो. बँकेत जायचे कधी, हे गृहस्थ ठरवतो.

सहाव्या आठवड्याअखेर चित्र मिश्र असते. झोप थोडी सुधारलेली, कुळागरातील फेरी आठवड्यातून चार-पाच वेळा, एकदा पोफळींना पाणीही लावलेले. उदासी आहेच, पण फोन उचलला जातो. सहा आठवड्यांच्या सोबतीचे हे चांगले फलित आहे.

सोबत करणाऱ्याची मर्यादा

वरील उदाहरणातील मित्राने पहिल्याच आठवड्यात स्वतःशी एक हिशेब मांडलेला असतो. पाळीचे काम, पेडण्याहून डिचोलीपर्यंतचे अंतर आणि घरची जबाबदारी पाहता, महिनोन्महिने चालू ठेवता येईल असे किती? बुधवारी पंधरा मिनिटे फोन आणि रविवारी एक भेट. पहिल्या पंधरवड्यात रोज आणि मग काहीच नाही, यापेक्षा हे थोडे पण नेमाने मिळणारे अधिक उपयोगी. खचलेल्या माणसाला सोडून दिले जाण्याची भीती असते. ठरलेला वार ती कमी करतो.

ही मर्यादा मनात ठेवून चालत नाही, ती सांगावी लागते: ‘पाळीवर असताना मी फोन उचलू शकणार नाही, बुधवारी रात्री आठला मीच करीन. पण जिवाचे काही मनात आले तर वेळ पाहू नकोस.’ यात दोन प्रकारचे फोन वेगळे केलेले आहेत. धोक्याचा फोन केव्हाही. मन मोकळे करण्याचा ठरल्या वेळी. ही फारकत नसली की प्रत्येक रिंग संकटाची वाटते आणि सोबत करणाऱ्याची झोप उडते.

दुसरा आधार म्हणजे माणसे वाढवणे. गृहस्थाच्या संमतीने त्याचा मेहुणा आणि एक शेजारी यांना सामील करून घेता येते. एकाने इस्पितळाची तारीख सांभाळायची, एकाने संध्याकाळी डोकावायचे. ‘फक्त तुलाच सांगतो’ हा विश्वास सुखावणारा असतो, पण तो एकट्याच्या खांद्यावर बसला की जड होतो. बाकी सारे गुपित राखता येते. जिवाच्या धोक्याचे नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे विश्वासघात वाटत नाही.

आपण थकत चाललो आहोत, हे ओळखण्याच्या खुणा साध्या असतात. मित्राचे नाव फोनवर दिसताच पोटात गोळा येणे. भेटीनंतर घरच्यांवर चिडचिड. त्याच्या मनःस्थितीप्रमाणे आपला दिवस चांगला-वाईट ठरणे. त्याच्याविषयी राग येणे आणि मग त्या रागाची लाज वाटणे. दोन आठवडे असे चालले तर वेळ कमी करून ती दुसऱ्याकडे सोपवावी आणि तसे त्याला कळवावे. समुपदेशक गटात बसून आपल्या भेटींचा आढावा घेत, तसे एखाद्या विश्वासू माणसाशी, नावे न घेता, स्वतःच्या थकव्याविषयी बोलावे. गरज पडल्यास त्यानेही डॉक्टरांना भेटण्यात काही गैर नाही.

मर्यादा बाजूला ठेवण्याची वेळ

काही वेळा ठरलेले वार आणि तास गैरलागू होतात. सरळ प्रश्नाला आलेल्या उत्तरात मरणाचा मार्ग किंवा वेळ ठरल्याचे आढळले, तर धोका तातडीचा समजावा. वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा, दीर्घ अस्वस्थतेनंतर अचानक आलेली अनाकलनीय शांतता, कानात आवाज येणे किंवा अन्नपाणी सोडणे, हीदेखील थांबू नये अशी लक्षणे.

अशा वेळी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. माणसाला एकटे सोडायचे नाही. काजूच्या बागा आणि कुळागरांमुळे घरात कीटकनाशके असतात. ती आणि साठवलेल्या गोळ्या घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवायच्या. धोक्याचा झटका बहुधा काही काळ टिकतो आणि ओसरतो. त्या काळात साधन हाताशी नसणे जीव वाचवते. मग 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट इस्पितळ गाठावे. बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था हे राज्यातील या उपचारांचे मुख्य केंद्र आहे. 14416 ही ‘टेलि-मानस’ची निःशुल्क सेवा चोवीस तास चालते. रुग्णासाठी काय करावे हे विचारायला मित्र किंवा कुटुंबीयही तिथे फोन करू शकतात.

पोलिसांचे लचांड लागेल, या भीतीने काही कुटुंबे इस्पितळात जाणे टाळतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 115 व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. हे घरच्यांना आधी सांगून ठेवण्यासारखे आहे.

उपचारच नको म्हटले तर

पुष्कळदा पहिले उत्तर ‘मला डॉक्टर नको’ असेच असते. तातडीचा धोका नसेल तर यावर रोज आग्रह धरल्याने भेटीच बंद पडतात. कारण विचारावे. ‘वेडा ठरवतील’ ही भीती असेल, तर झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणे अनेकांना पटते आणि तिथून वाट पुढे निघते. खर्चाची चिंता असेल तर सरकारी आरोग्य केंद्राचा पर्याय सांगता येतो. तरीही नकार असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारावे. मधल्या काळात बुधवारचा फोन आणि रविवारची भेट चालूच ठेवावी, त्यावर उपचाराची अट घालू नये.

बरे वाटू लागल्यावरही हे लगेच थांबवायचे नसते. नैराश्य परतू शकते, आणि गोळ्या बऱ्या वाटल्यानंतरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात. परतीची पहिली खूण त्या माणसागणिक वेगळी असते: कोणाची झोप जाते, कोणी दाढी सोडतो, कोणाची कुळागरातील फेरी चुकू लागते. ती खूण कोणती, हे बऱ्या दिवसांत त्यालाच विचारून ठेवावे. ती दिसल्यास काय करायचे, कोणाला सांगायचे, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे. नंतर ते ठरवायचे बळ त्याच्याकडे असेलच असे नाही.